३८० ताटांचं लग्न: अन्न उरू नये आणि कागदी भांडी लागू नयेत, त्याचा हिशेब

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेलं की दोन ढीग दिसतात. एक कागदी ग्लास, बाटल्या आणि द्रोणांचा, दुसरा भात, पुऱ्या आणि भाज्यांचा. दोन्ही ढिगांची कारणं वेगळी आहेत आणि ती ठरण्याची वेळही वेगळी आहे. अन्न किती उरणार हे बहुतेक वेळा लग्नाच्या आठवडाभर आधी, केटररला आकडा सांगतानाच ठरलेलं असतं. कागदी भांडी येणार की नाही, हे मात्र कार्यालयाच्या मोरीवर ठरतं. या दोन जागा सांभाळल्या तर बाकीचं बरंच आपोआप जुळतं, म्हणून इथे प्रामुख्याने त्यांच्याबद्दलच लिहिलं आहे. उदाहरण म्हणून दुपारचा मुहूर्त, शाकाहारी जेवण आणि मंगल कार्यालय असं आपल्याकडचं नेहमीचं लग्न घेऊ.

आकडा फुगतो कसा

समजा दोन्ही घरांच्या याद्या मिळून ५२० माणसं होतात. यजमान केटररला म्हणतात, "पाचशे धरा." केटरर मनात म्हणतो, कमी पडलं तर नाव आपलं जाणार, म्हणून तो दहा टक्के जास्त करतो. आचारी प्रत्येक पातेल्यात आपल्या अंदाजाने आणखी थोडी भर टाकतो. सकाळी काका स्वयंपाकघरात डोकावतात आणि "जिलेबी जरा सढळ हाताने होऊ द्या" असं सांगून जातात. प्रत्यक्षात जेवायला येतात पावणेचारशे. यात कुणीही चुकीचं वागलेलं नसतं. कमी पडण्याची भीती चार जणांना वाटते आणि चौघेही आपापल्या परीने भर घालतात. म्हणून भर एकाच ठिकाणी, एकदाच घालायची आणि ती कच्च्या मालाच्या रूपात ठेवायची, हे सगळ्यांना आधी सांगून ठेवणं हेच पहिलं काम.

आकडा काढताना यादी एकसारखी धरू नका, तिचे गट पाडा. आपल्या ५२० जणांमध्ये घरचे आणि अगदी जवळचे १४० आहेत, त्यातले १३० येतील. बाहेरगावचं वऱ्हाड १२०, त्यातले ९५. शेजारी, सोसायटी आणि ओळखीचे मिळून १६०, त्यातले ९५. ऑफिसमधले १००, त्यातले ५५. हे झाले ३७५. मुहूर्त कामाच्या दिवशी असेल तर ऑफिसचा गट आणखी आटतो, कारण ती मंडळी संध्याकाळच्या रिसेप्शनला येतात. लग्नाची तिथी दाट असेल तर शेजारीपाजारीही दोन-तीन लग्नांत वाटले जातात. हे आकडे तुमच्या घराला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण प्रत्येक गटाचा वेगळा विचार केला की अंदाज खऱ्याच्या जवळ येतो.

त्यानंतर दोन दुरुस्त्या करायच्या. दहा वर्षांखालची मुलं अर्धं ताट धरायची. ३७५ मध्ये अशी ४५ मुलं असतील तर साधारण २२ ताटं कमी होतात. दुसरी दुरुस्ती उलट्या बाजूची आहे आणि ती हमखास विसरली जाते: भटजी, फोटोवाले, बँडवाले, ड्रायव्हर, सजावटीची आणि कार्यालयाची माणसं. ही २५ तरी असतात. ३५३ अधिक २५ म्हणजे ३७८, म्हणजेच ३८० ताटं.

हा अंदाज पक्का करायला निमंत्रणाचा व्हॉट्सॲप संदेश पुरत नाही, कारण तिथे सगळेच "नक्की येतो" म्हणतात. दहा दिवस आधी प्रत्येक गटासाठी एका माणसाने फोन करायचा आणि प्रश्न असा विचारायचा: "सीमांतपूजनाच्या रात्री, लग्नाच्या दुपारी आणि रिसेप्शनला, तुमच्या घरचे कितीजण कुठल्या जेवणाला आहात?" येणार का, असं विचारलं की हो मिळतं. कितीजण आणि कुठल्या जेवणाला, असं विचारलं की आकडा मिळतो. मामाच्या घरचे चौघे तिन्ही जेवणांना असतील, पण शेजारचे जोशी फक्त रात्री येतील, हे त्यातूनच कळतं.

केटररशी बोलताना

केटरर 'गॅरंटी' मागतो, म्हणजे माणसं कमी आली तरी तेवढ्या ताटांचे पैसे द्यावे लागतात. गॅरंटी ५०० ची दिली की ५०० जणांचं शिजतं, कारण पैसे घेतले आणि अन्न दिसलं नाही अशी तक्रार त्याला नको असते. आपल्या उदाहरणात गॅरंटी ३५० ची द्या आणि त्यावर ४० ताटांपर्यंत त्याच दराने वाढ मिळेल असं कागदावर लिहून घ्या. काही केटरर या वाढीव ताटांना थोडा जास्त दर लावतात. तोही परवडतो, कारण १२० न खाल्लेल्या ताटांचे पैसे त्याहून खूप जास्त असतात.

ताटं मोजायची पद्धतही आधीच ठरवा. पन्नास-पन्नासच्या चवडी करून दोन्ही बाजूंच्या एकेका माणसासमोर त्या मोजल्या की वाद होत नाही. त्याच कागदावर आणखी तीन ओळी हव्यात: छोट्या पाण्याच्या बाटल्या आणि कागदी कप आणायचे नाहीत, स्वयंपाक दोन टप्प्यांत होईल, आणि पातेल्यात उरलेलं अन्न कुठे जाईल ते यजमान ठरवतील. शेवटची ओळ महत्त्वाची आहे. ती नसेल तर उरलेल्याचं काय झालं, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही.

पदार्थांच्या संख्येबद्दल थोडक्यात. प्रत्येक नवीन पदार्थामागे एक किमान पातेलं लागतं, आणि माणसाचं पोट तेवढंच राहतं. दोन भाज्या, एक आमटी, मसालेभात, वरणभात, पुरी, एक गोड, एक तळण, कोशिंबीर, चटणी आणि मठ्ठा एवढ्यावर लग्नाचं भरगच्च ताट होतं. दुसरं गोड घेतलं की दोन्ही गोड अर्धी-अर्धी उरतात.

दोन टप्प्यांचा स्वयंपाक

अन्न उरण्याचं खरं मूळ एकदम सगळं शिजवण्यात आहे. मुहूर्त साडेबाराचा असतो, म्हणून बारा वाजता सगळी पातेली तयार. मग माणसं कमी आहेत हे कळूनही काही करता येत नाही. शिजलेला भात परत तांदूळ होत नाही. कच्चा तांदूळ मात्र पोत्यात परत जातो.

म्हणून माल पूर्ण ३८० चा आणायचा, पण पहिल्या टप्प्यात साधारण ७० टक्केच शिजवायचं. हे प्रत्येक पदार्थाला जमत नाही. अळूची भाजी, श्रीखंड, चटणी हे एकदाच करावं लागतं, तिथे अंदाजावरच राहावं लागेल. आमटी घट्ट करून ठेवता येते आणि लागेल तसं उकळतं पाणी, मीठ आणि वरून फोडणी घालून वाढवता येते. जुने आचारी हे करतातच. भात आणि पुरी हे मात्र दोन टप्प्यांसाठीच जन्मलेले पदार्थ आहेत, आणि उरण्यातही तेच पुढे असतात.

मसालेभाताचाच हिशेब करून पाहू. पुरी आणि वरणभात सोबत असताना माणशी ४५ ग्रॅम कच्चा तांदूळ पुरतो. ३८० जणांना १७ किलो झाला. भाज्या आणि पाणी धरून तो शिजल्यावर तिपटीपेक्षा थोडा जास्त भरतो, म्हणजे माणशी साधारण १४० ग्रॅम मसालेभात. पहिल्या टप्प्यात १२ किलो तांदूळ शिजवायचा. उरलेल्या ५ किलोच्या भाज्या चिरून, तांदूळ निवडून, मसाला काढून ठेवायचा, पण तांदूळ भिजवायचाही नाही.

पंगती तीन आहेत: १३०, १३० आणि १२०. भात बादल्यांमधून वाढला जातो आणि एका बादलीत साधारण ५ किलो भात मावतो. १२ किलो तांदळाचा सुमारे ३७ किलो भात होतो, म्हणजे जवळजवळ साडेसात बादल्या. पहिली पंगत उठली की स्वयंपाकघराच्या दारातल्या माणसाने सांगायचं, किती बादल्या गेल्या. समजा सव्वातीन गेल्या, म्हणजे १६ किलो. १३० जणांनी १६ किलो खाल्ला तर माणशी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास झाला. पुढच्या २५० जणांना त्याच हिशेबाने ३१ किलो लागेल आणि पातेल्यात आहे २१. तूट १० किलोची, म्हणजे सव्वातीन किलो तांदूळ आणखी लावायचा. मसालेभाताला पाऊण तास लागतो आणि दुसरी पंगत उठेपर्यंत तेवढा वेळ हातात असतो. राखीव ५ किलोंपैकी पावणेदोन किलो तांदूळ कच्चाच राहिला, आणि तो घरी वापरता येतो. पहिल्या पंगतीत एक बादली कमी गेली असती तर पोत्यात परत जाणारा तांदूळ आणखी वाढला असता.

या हिशेबाला मर्यादा आहे. पहिल्या पंगतीत पाहुणे आणि भुकेलेली मुलं असतात, शेवटच्या पंगतीत घरची दमलेली माणसं. शेवटच्यांचं खाणं सहसा कमी असतं. त्यामुळे पहिल्या पंगतीवरून काढलेला अंदाज थोडा जास्तच निघतो, कमी नाही. म्हणूनच त्यावर आणखी भर घालायची गरज नसते.

पुरीचं गणित सोपं आहे. माणशी चार धरल्या तर १५०० च्या वर पुऱ्या होतात. एक किलो कणकेत पन्नासच्या आसपास निघतात, म्हणजे ३० किलो कणीक लागते. ती सगळी सकाळी मळून ठेवली की बिघडते. मळलेली कणीक तासन् तास पडली तर सैल होते आणि पुरी फुगायच्या ऐवजी तेल पिते. अशी तेलकट, बसकी पुरी ताटात टाकली जाते. पाच-पाच किलोंचे घाणे मळा. पंगत बसली की तळण सुरू आणि पंगत उठायला लागली की बंद.

आता "आणि खरंच जास्त माणसं आली तर?" या भीतीला उत्तर हवं, नाहीतर कुणीतरी गुपचूप सगळं शिजवूनच टाकेल. उत्तर कोठीत ठेवायचं: ५ किलो रवा, तेवढीच साखर, तूप, थोडं बेसन आणि वेगळा बांधलेला तांदूळ. भट्टी पेटलेली असेल तर शिरा अर्ध्या तासात होतो, आणि पिठलं त्याहून लवकर. जिलेबी संपली म्हणून चाळीस जणांना गरम शिरा वाढला, तर कुणी नाराज होत नाही. लागला नाही तर रवा बांधलेल्या पिशवीतच राहतो. हा राखीव माल यजमानांच्या सगळ्यांत काळजी करणाऱ्या काकांना आदल्या दिवशी डोळ्यांनी दाखवा. त्यानंतर ते स्वयंपाकघरात येऊन भर घालायला सांगत नाहीत.

ताटात काय उरतं

पातेल्यात उरलेलं निदान कुणाला देता येतं. ताटात उरलेलं कुणालाच नाही. पंगतीत ते दोन कारणांनी उरतं.

पहिलं कारण म्हणजे माणूस बसायच्या आधीच भरलेलं ताट. मुहूर्त लांबला की वाढपी वेळ वाचवायला सगळी ताटं वाढून ठेवतात. पुऱ्या गार, पापड मऊ, कोशिंबिरीला पाणी सुटलेलं. आधी वाढायचं तर फक्त मीठ, लिंबू आणि चटणी. पापड, भजी, पुरी, भाजी हे माणसं बसल्यावरच. चटणी चमच्याने वाढा, डावाने नाही. पंगतीतलं डावीकडचं वाढप एका चमच्याचंच असावं अशी जुनी रीत आहे आणि ती अगदी बरोबर आहे.

दुसरं कारण म्हणजे आग्रह. आग्रह असावा, त्याशिवाय लग्नाचं जेवण पूर्ण होत नाही. पण माणूस ताटावर आडवा हात धरतो आणि जिलेबी त्याच्या बोटांच्या फटीतून ताटात पडते, तेव्हा तो आग्रह राहत नाही. वाढप्यांना एकच सूचना द्या: जिलेबी हातात धरून विचारायची, हो म्हणाले तरच सोडायची, आणि एका वेळी एकच. तीच पंक्ती तीन वेळा फिरून वाढली तर पाहुण्याला मान मिळतो आणि ताटही स्वच्छ उठतं. आग्रहाला नवरा-नवरी किंवा विहीणबाई फिरणार असतील तर त्यांच्या हातातलं ताट छोटं ठेवा. मोठी परात हातात आली की ती रिकामी करायचा मोह होतो.

बुफे असेल तर ताट लहान घ्या. बारा इंचांचं ताट मोकळं दिसतं म्हणून माणूस ते भरतो, दहा इंचांच्या ताटात तोच माणूस दोनदा येतो. ताटं ठेवायच्या जागी एक माणूस आणि दोन बादल्या हव्यात. पहिल्या अर्ध्या तासात बादलीत एकच पदार्थ सतत दिसत असेल तर काउंटरवर त्याचा डाव लगेच लहान करा. पनीरच्या ग्रेव्हीत हे हमखास होतं: माणसं पनीर खातात आणि रस्सा टाकतात, कारण वाढणारा एका तुकड्यामागे दोन डाव रस्सा देतो.

कागदी भांड्यांची मोजणी

एका पाहुण्याच्या हातून दुपारभरात किती फेकायच्या वस्तू जातात, ते मोजून बघा. आल्याबरोबर सरबताचा ग्लास, नाश्त्याची बशी आणि चमचा, चहाचा कप, पाण्याच्या तीन छोट्या बाटल्या, जेवताना द्रोण, आईस्क्रीमचा कप आणि चमचा, हात पुसायचे कागद. बारा-तेरा वस्तू झाल्या. ३८० जणांचे साडेचार हजारांच्या पुढे तुकडे होतात, आणि यात जेवणाचं ताट धरलेलंच नाही. त्यामुळे फक्त स्टीलची ताटं घेतली आणि बाकी सगळं कागदी ठेवलं तर ढीग जवळपास तसाच राहतो.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोल आणि प्लॅस्टिकची ताटं, ग्लास, चमचे यांवर बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या कित्येक वस्तूंवर बंदी आली. त्यात निमंत्रणपत्रिका आणि मिठाईच्या डब्यांभोवतीची पातळ प्लॅस्टिकची फिल्मही येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

कागदी म्हणून जे विकलं जातं, त्याच्या आत बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा गळला असता. ओळखायचं कसं? कप गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा आणि फाडा. कागदाचा लगदा होतो आणि आतली पारदर्शक पातळ फिल्म अख्खी हाताला लागते. चंदेरी द्रोणांचंही तेच. 'कंपोस्टेबल' छापलेले पारदर्शक ग्लास मक्यापासून किंवा उसापासून बनतात, पण त्यांना कुजायला मोठ्या प्रकल्पातली सतत टिकणारी उष्णता लागते. घरच्या खड्ड्यात ते महिनोन् महिने तसेच राहतात. खरोखर मातीत जाणाऱ्या वस्तू म्हणजे ताजं केळीचं पान आणि पळसाच्या पानांची, काडीने टाचलेली पत्रावळ. यंत्रावर दाबलेल्या पत्रावळीच्या मागे कागद किंवा फिल्म चिकटवलेली आहे का, ते उलटी करून बघा.

पाणी सगळ्यांत सोपं आहे. २० लिटरच्या एका जारमध्ये २०० मिलिलिटरचे शंभर ग्लास होतात. ३८० जणांना माणशी चार ग्लास धरले तर १५ जार लागतात, एप्रिल-मेमध्ये २० ठेवा. पंगतीत वाढपी जगमधून पाणी घालतो, तेव्हा कुणी बाटली मागत नाही. बाटली मागितली जाते ती मांडवात, खुर्चीवर बसल्या जागी. म्हणून मांडवाच्या दोन कडांना जार, स्टीलचे ग्लास आणि उष्ट्या ग्लासांची बादली ठेवा. शिवाय ट्रेमध्ये भरलेले ग्लास घेऊन फिरायला दोन मुलं हवीत. ही दोन मुलं नसली तर वयस्कर पाहुण्यांसाठी कुणीतरी बाटल्यांचा खोका मागवतोच.

चहा ही दुसरी फट. हळदीच्या आदल्या संध्याकाळपासून कार्यालयात दर दोन तासांनी चहा होतो आणि त्याचे कप कुणाच्याच हिशेबात नसतात. काचेचे शंभर-सव्वाशे छोटे ग्लास आणि ते विसळायला एक ठरलेला माणूस, एवढ्याने हे सुटतं.

सगळं मोरीवर अडतं

स्टीलची ताटं ठरवून शेवटी कागदी पत्रावळी आल्या, असं जिथे होतं तिथे कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: ताटं धुवून वेळेत परत आली नाहीत. पहिली पंगत उठते, उष्टी ताटं मोरीवर जातात, भात आणि भाजी जाळीत अडकून पाणी तुंबतं, धुणारी दोनच माणसं असतात, दुसऱ्या पंगतीला पन्नास ताटं कमी पडतात. मग एक मुलगा गाडी काढून दुकानात जातो. म्हणून कार्यालय बघायला जाल तेव्हा स्टेजच्या आधी मोरी बघा. नळ किती आहेत, दुपारी पाण्याला दाब असतो का, टाकी किती लिटरची आहे, बादलीभर पाणी ओतलं तर किती वेळात जातं, गरम पाण्याला वेगळी शेगडी मिळेल का.

ताटं ३८० लागत नाहीत. दोन पंगतींची, म्हणजे २६० आणि वर दहा-वीस पुरतात, कारण दुसरी पंगत जेवत असताना पहिलीची धुतली जातात. भाड्याने भांडी देणारे मांडववाले शहरात सहज मिळतात. अनेक गावांत देवस्थानाकडे किंवा समाजमंदिरात गावकीची भांडी असतात, ती मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची रीत आहे. खणांचं ताट घेतलं तर वाट्या कमी होतात, आणि धुणाऱ्याला सर्वाधिक वेळ वाट्याच खातात.

धुण्यासाठी सहा माणसं लावा आणि त्यांची ओळ ठरवा. पहिला माणूस फक्त खरकटं काढतो, हाताने आणि नारळाच्या शेंडीने, कोरड्या पिंपात. या टप्प्यावर पाणी अजिबात नाही. हीच पायरी गाळली जाते आणि मोरी तुंबते. पुढे दोघे साबणाच्या गरम पाण्याच्या टबावर, एक जण पहिल्या साध्या पाण्यावर, एक जण कढत पाण्यावर, आणि शेवटचा ताटं उभी करून निथळत ठेवणारा. फडक्याने पुसू नका. दहा ताटांनंतर फडकंच तेलकट होतं आणि पुढच्या प्रत्येक ताटाला तेल लावत जातं. कढत पाण्यातून निघालेलं ताट उभं ठेवलं की पाच मिनिटांत आपोआप सुकतं.

साबणाचं पाणी दर साठ-सत्तर ताटांनी बदलावं लागतं. बदलायची वेळ झाली हे फेसावरून कळतं, फेस विरला की पाण्यात तूपच तरंगत असतं. ताट स्वच्छ निघालं का, ते बोटाने बघायचं: ताटाच्या पाठीवरून अंगठा फिरवला की करकर वाजायला हवं. अंगठा निसटला तर तेल आहे, परत साबणाकडे. या पद्धतीने एका माणसाच्या ताट-वाट्या-ग्लासाला अडीच लिटरच्या आसपास पाणी लागतं. सगळ्या जेवणाला एक हजार लिटर धरा आणि ते वेगळ्या टाकीत आधी भरून ठेवा. टंचाईच्या दिवसांत हजार लिटरचीच सोय होत नसेल, तर हट्ट सोडून केळीची पानं किंवा पळसाच्या पत्रावळी घ्या. तो निर्णय आठवडाभर आधी झाला तर चांगल्या पत्रावळी मिळतात, ऐन दुपारी फक्त चंदेरी मिळतात.

उरलंच तर

एवढं करूनही दहा-पंधरा किलो अन्न उरतंच. ते कुणाला देता येईल, हे त्या अन्नाच्या प्रवासावर ठरतं. स्वयंपाकघराच्या पातेल्यातून बाहेर न गेलेलं अन्नच द्यायचं. पंगतीत फिरलेल्या बादलीतलं किंवा बुफेच्या काउंटरवरचं नाही.

शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड राहिलं तर सुरक्षित असतं, मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. भात इथे सर्वांत फसवा. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवण्यातूनही वाचतात. भात कोमट राहिला की ते जागे होऊन विष तयार करतात, आणि भात परत गरम केला तरी ते विष जात नाही. वास आणि चव मात्र ठीकच असते. म्हणून "वास घेतला, चांगला आहे" ही परीक्षा भाताला चालत नाही. मोठ्या पातेल्यातला भात वरून गार वाटतो, पण मध्यभागी तासन् तास कोमट राहतो. तोंडावर झाकण आणि वर पोतं टाकून ठेवलेलं पातेलं जेमतेम कोमट राहत असेल, तर ते झाकणंच त्या जंतूंची सोय करतं.

त्यामुळे फोन आधी करायचा. मुंबईत रोटी बँक, अनेक शहरांत रॉबिन हूड आर्मीचे स्वयंसेवक, आणि जवळचं वसतिगृह किंवा आश्रम यांना दोन-तीन दिवस आधी सांगा: दुपारी तीनच्या सुमारास साधारण तीस जणांचं शाकाहारी अन्न असू शकेल, घ्याल का, डबे कोण आणणार, तिथे किती वाजता जेवतात. दुपारी तीनला दिलेलं अन्न रात्री साडेआठला वाढलं जाणार असेल तर भात देऊच नका. पुऱ्या, सुकी भाजी, जिलेबी द्या. कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी आणि मठ्ठा कुणालाच देऊ नका, ते सर्वांत आधी आंबतात. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये स्वतंत्र नियमावली केली आहे. घरगुती पातळीवर त्यातलं सार एवढंच पाळा: प्रत्येक डब्यावर पदार्थाचं नाव आणि शिजवल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी लावा.

तिसरी पंगत बसली की आचाऱ्यासोबत उभं राहून ठरवा की आता कुठल्या पातेल्याला हात लागणार नाही. तेच पातेलं त्याच क्षणी डब्यांत भरा, पंगत उठायची वाट बघू नका. हा अर्धा तास गेला की सगळे निरोपाच्या, पाठवणीच्या गडबडीत असतात आणि पातेलं पाच वाजता कुणाच्या तरी लक्षात येतं.

खरकटं गाईंना घालायची पद्धत आहे, तिथे थोडं सांभाळा. गोठ्यात एकदम घमेलंभर भात, पुऱ्या आणि जिलेबी गेली तर गाईच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, प्रसंगी जनावर दगावतं. गोठ्यात द्यायचं ते भाज्यांची देठं, कोबीचा पाला, मटारच्या शेंगांची सालं, आणि तेही आधी गोठेवाल्याला विचारून. पहिल्या माणसाने कोरड्या पिंपात काढलेलं खरकटं खताच्या खड्ड्यात किंवा पालिकेच्या ओल्या कचऱ्याच्या गाडीत जातं. पत्रावळी अख्ख्या टाकल्या तर एकमेकींना चिकटून बसतात आणि आत हवा जात नाही, म्हणून चार तुकडे करून मध्ये कोरडा पालापाचोळा घालत टाकायच्या. आणि पिंप गाडीत चढवण्याआधी त्याचं वजन करून घ्या. आपल्या लग्नात ते पिंप ४० किलो भरलं, तर माणशी शंभर ग्रॅमहून थोडं जास्त अन्न ताटातून परत आलं. त्यात सगळ्यांत जास्त काय दिसतंय ते वाकून बघा आणि चिठ्ठीवर लिहून केटररच्या हातात द्या, म्हणजे रिसेप्शनला त्या पदार्थाचं पातेलं लहान लावता येईल.